‘औषधाशी संबंध नाही’ असं लिहिण्यापूर्वी

‘उपवासामुळे शुगर कमी होऊन चक्कर आल्याने पेशंट घरी पडली. उजव्या मनगटाला फ्रॅक्चर. स्टडी औषधाशी संबंध नाही.’

नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेतलेल्या एखाद्या बाईंच्या फाइलमध्ये अशी नोंद सापडली, तर वाचणाऱ्याला त्यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. काय झालं ते कळतं, का झालं तेही कळतं. पण यातलं प्रत्यक्ष कुणी काय पाहिलं, हे शोधायला गेलं की हाती एकच गोष्ट लागते: एक्स-रेमध्ये दिसलेलं मनगटाचं फ्रॅक्चर. बाकी सगळा कुणाचा तरी अंदाज आहे. चक्कर आली होती का? शुगर आधी कमी झाली की नुसता पाय घसरला? आणि उपवासाला जबाबदार धरलं, ते कोणत्या पुराव्यावर?

चाचणीच्या काळात सहभागी व्यक्तीच्या तब्येतीत जे काही वाईट घडतं, त्याला प्रतिकूल घटना म्हणतात. या व्याख्येत कारणाचा उल्लेख मुद्दामच ठेवलेला नाही. 1994 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, घटनेचा औषधाशी संबंध असो वा नसो, ती नोंदवायची. म्हणून रिक्षाचा अपघात नोंदवायचा, साप चावला तर तेही नोंदवायचं. ‘याचा औषधाशी काय संबंध?’ हा प्रश्न रास्तच आहे, पण तो नोंद झाल्यावर विचारायचा असतो. पोलिसांच्या पंचनाम्यात जागेवर काय आढळलं ते येतं, दोषी कोण ते येत नाही, इथेही तसंच.

वर दिलेली नोंद मी नमुन्यासाठी रचली आहे. आता तिच्यामागचा प्रसंग सविस्तर पाहू. या बाई 58 वर्षांच्या, 11 वर्षांपासून मधुमेही. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या आधीपासून चालू. त्यांच्या जोडीला चाचणीतली रोज सकाळी एक गोळी. ती खरं औषध आहे की प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली हुबेहूब दिसणारी गोळी, हे त्यांनाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. घर वारकऱ्यांचं, त्यामुळे दर एकादशीला उपवास. चाचणीच्या 23व्या दिवशी एकादशी होती. दुपारी सव्वा वाजता सुनेचा कोऑर्डिनेटरला फोन आला, ‘मॅडम, आई पडल्या हो सकाळी. हात मोडलाय, ॲडमिट केलंय.’

कोऑर्डिनेटरने चार-पाच प्रश्न विचारले, उपवास आणि कमी शुगर एवढं ऐकलं आणि वरची नोंद लिहून टाकली. तिने खोटं काही लिहिलं नाही. मधुमेह, उपवास, साखर उतरणं, पडणं हा क्रम इतका ओळखीचा आहे की मन तो आपोआप पूर्ण करतं. पण जी गोष्ट मनाने पूर्ण केली, तीच कागदावर ‘घडलं’ म्हणून उतरली.

आता हाच प्रसंग नीट विचारून घेतला तर काय मिळतं? पडताना कुणी पाहिलं नव्हतं. सून स्वयंपाकघरात होती, साधारण 10.50 ला तिला आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा सासूबाई देवघरासमोर जमिनीवर बसलेल्या होत्या, शुद्धीवर होत्या आणि बोलत होत्या. फरशी थोड्या वेळापूर्वीच पुसलेली होती. ‘अर्धा तास झाला, हातपाय थरथरतायत, घाम आलाय’ असं त्यांनी सुनेला सांगितलं. 11.05 ला घरच्या ग्लुकोमीटरवर साखर 51 आली. सुनेने पाण्यात तीन चमचे साखर घालून दिली. पेला त्यांनी डाव्या हातात स्वतः धरला आणि प्यायल्या. 11.20 ला साखर 84.

पेला कुणी धरला, ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. पण रक्तातली साखर 54 च्या खाली गेली तर तो प्रसंग मधल्या पातळीचा धरतात. आणि रुग्णाचं भान किंवा शरीर इतकं ढासळलं, की सावरायला दुसऱ्याची मदत लागलीच, तर तो सर्वांत वरच्या पातळीचा, मग आकडा कितीही असो. सुनेने पाणी करून दिलं हे खरं, पण बाईंना स्वतःचं स्वतः काही घेता आलं असतं का, हे ठरवायला पेल्याची गोष्टच उपयोगी पडते. नोंदीत नुसतं ‘तीव्र हायपोग्लायसेमिया’ लिहिलं असतं, तर पुढे कुणालाही हे तपासता आलं नसतं.

तसंच उपवासाचं. ‘उपवास होता’ एवढ्यावरून पोटात काय गेलं ते कळत नाही. कुणी निर्जळी राहतं, कुणी सकाळी नऊलाच साबुदाण्याची खिचडी खाऊन बसतं आणि त्या खिचडीने साखर उलट चढते. म्हणून विचारायचं ते असं: काल रात्री शेवटचं काय खाल्लं, किती वाजता? आज सकाळपासून काय घेतलं? या बाईंनी आदल्या रात्री साडेआठला भाकरी-भाजी खाल्ली होती. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि तिन्ही गोळ्या, सात वाजता. त्यानंतर पडेपर्यंत काही नाही.

शेवटचा प्रश्न गोळ्यांचा. बाटलीत 35 गोळ्या दिल्या होत्या. रोज एक घेतली असेल तर 23व्या दिवसाची गोळी घेतल्यावर 12 उरायला हव्यात. सुनेने बाटली आणली तेव्हा 11 निघाल्या. एक गोळी कमी आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे. ती हरवली असेल, बेसिनमध्ये पडली असेल किंवा एखाद्या दिवशी दोनदा घेतली गेली असेल. अहवालात लिहायचं: ‘अपेक्षित 12, मोजल्या 11, सहभागीला जादा गोळी घेतल्याचं आठवत नाही.’ ‘ओव्हरडोस’ हा शब्द इथे लिहिला, तर ती आणखी एक न पाहिलेली गोष्ट अहवालात शिरली.

हे सगळं मिळाल्यावर अहवालाचा मजकूर साधारण असा होतो:

‘23व्या दिवशी सकाळी 7 वाजता सहभागीने मेटफॉर्मिन 500 मिग्रॅ, ग्लिमेपिराइड 2 मिग्रॅ आणि चाचणीची एक गोळी घेतली (सहभागीने सांगितल्यानुसार). आदल्या रात्री 8.30 नंतर बिनसाखरेच्या चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. सुमारे 10.20 पासून थरथर व घाम (सहभागीने सांगितल्यानुसार). सुमारे 10.50 ला घरात पडल्या. पडताना कुणी पाहिलं नाही. शुद्ध हरपली नव्हती, असं सहभागी व सून दोघीही सांगतात. फरशी नुकतीच पुसलेली होती (सुनेने सांगितल्यानुसार). 11.05 ला घरच्या ग्लुकोमीटरवर साखर 51, तोंडाने साखरपाणी, पेला सहभागीने स्वतः धरला, 11.20 ला 84. एक्स-रे: उजव्या मनगटाजवळ रेडियस हाडाचं फ्रॅक्चर. भूल देऊन हाड बसवलं, एक रात्र रुग्णालयात. डिस्चार्ज कार्डवर “साखर कमी झाल्याने पडल्या” असं नमूद आहे.’

यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी डोळ्यांना, यंत्राला किंवा आठवणीला बांधलेलं आहे. शेवटचं वाक्य पाहा. हाडांच्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डवर कारण लिहिलं आहे, पण तेही तिथे नव्हते; त्यांनी घरच्यांकडून ऐकलं. म्हणून ते वाक्य ‘असं नमूद आहे’ या शेपटीसह येतं. डॉक्टरचं मत रुग्णालयाच्या कागदावर छापून आलं म्हणून ते निरीक्षण होत नाही, आणि ही चूक फार अनुभवी माणसांकडूनही होते.

दोन गोष्टी जाता जाता. गंभीर घटना आणि तीव्र घटना या वेगळ्या. जबर डोकेदुखी तीव्र असू शकते, पण ती नियमांच्या अर्थाने गंभीर नसते. ही घटना मात्र गंभीर ठरते, कारण रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. आणि ‘रुग्णालयात दाखल’ हे घटनेचं नाव नसतं, तो परिणाम. इथे घटना दोन: साखर कमी होणं आणि मनगटाचं फ्रॅक्चर. दोन्ही वेगळ्या नोंदवायच्या, कारण दोघींच्या कारणाचा विचारही वेगळा होणार आहे.

इतकी काटेकोर विभागणी कशासाठी, याचं उत्तर 1993 साली अमेरिकेत फार महागात मिळालं. बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस बी साठी फायलुरिडिन नावाच्या औषधाची चाचणी चालू होती. 15 रुग्ण होते. काही आठवडे सगळं ठीक दिसलं आणि मग जूनमध्ये एका रुग्णाचं यकृत एकाएकी निकामी होऊ लागलं. औषध ताबडतोब थांबवलं गेलं, पण हानी थांबली नाही. सात जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली; पाच जण दगावले, दोघे यकृत प्रत्यारोपणाने वाचले. हे औषध पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएमध्ये शिरत होतं आणि पेशींची ऊर्जानिर्मिती हळूहळू बंद पाडत होतं, हे पुढे कळलं.

पुढच्या चौकशीत जुन्या फायली उघडल्या गेल्या. या औषधाच्या आधीच्या छोट्या चाचण्यांमध्येही मळमळ, थकवा, हातापायांच्या नसांचा त्रास आणि काही मृत्यू नोंदले होते. पण रुग्ण मुळात यकृताच्या आजाराचेच. एखादा मृत्यू औषध थांबवून बराच काळ लोटल्यावर झालेला. त्यामुळे प्रत्येक वेळी जवळचं, पटणारं स्पष्टीकरण तयार होतं: आजार वाढला, दुसऱ्या औषधाचा परिणाम, दुसरी गुंतागुंत. यकृताची एन्झाइम्स वाढली तर तेही शुभचिन्ह वाटू शकत होतं, कारण हिपॅटायटिस बी चा विषाणू हटताना एन्झाइम्स काही काळ वाढतातच. एकेका रुग्णापुरता प्रत्येक निष्कर्ष समंजस होता. 1995 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने संशोधकांवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला नाही, तो यामुळेच. पण सगळ्या फायली शेजारीशेजारी मांडून, त्यांतल्या निष्कर्षांवर हात ठेवून फक्त निरीक्षणं वाचली, की एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसत होतं.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. एका केंद्रावरच्या डॉक्टरसमोर एक रुग्ण असतो. औषधाचा दुष्परिणाम ओळखायला अनेकदा दहा केंद्रांवरचे वीस रुग्ण एकत्र पाहावे लागतात, आणि ते पाहणारा माणूस त्यांच्यापैकी कुणालाही भेटलेला नसतो. त्याच्यापर्यंत फक्त लिहिलेलं पोचतं. ‘उपवासामुळे’ असं लिहिलेली नोंद त्याच्यासाठी संपलेली असते. ‘चहाशिवाय साडेचौदा तास काही नाही, साखर 51’ असं लिहिलेली नोंद तो दुसऱ्या केंद्रावरच्या, भरपेट नाश्ता करूनही साखर 50 वर गेलेल्या माणसाच्या नोंदीशेजारी ठेवू शकतो.

मग कारणाबद्दल बोलायचंच नाही का? बोलायलाच हवं. प्रमुख संशोधक डॉक्टरांनी आपलं मत देणं बंधनकारकच असतं. फक्त ते वेगळ्या रकान्यात, स्वतःच्या सहीने आणि कारणांसह द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत त्यासाठी ‘निश्चित’, ‘बहुधा’, ‘शक्य’, ‘संभव कमी’ अशा पायऱ्या आहेत. पायरी निवडताना चार गोष्टी तपासतात. घटना औषध सुरू झाल्यावर, पटेल अशा वेळेत घडली का? औषध थांबवल्यावर त्रास गेला का? पुन्हा दिल्यावर परत आला का? आणि दुसरं कारण तितकंच समाधानकारक आहे का?

आपल्या बाईंचं पाहू. वेळ जुळते. नवं औषध साखर कमी करण्यासाठीच आहे, त्यामुळे असं होणं शक्य आहे. पण ग्लिमेपिराइडसुद्धा उपाशीपोटी नेमकं हेच करतं. बाईंना प्लासिबो मिळत असण्याचीही शक्यता आहे, आणि उपचार त्यावाचून अडले नसल्याने ते उघड करायचं कारण नव्हतं. औषध थांबवल्यावर काय झालं? इथे एक नेहमीची अडचण येते. रुग्णालयात डॉक्टरांनी चाचणीची गोळी आणि ग्लिमेपिराइड एकाच संध्याकाळी बंद केली. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच होतं. पण त्यानंतर साखर पुन्हा उतरली नाही, याचं श्रेय कुठल्या गोळीला द्यायचं ते आता सांगता येत नाही. म्हणून अहवालात ‘औषध थांबवल्यावर त्रास गेला’ असं लिहिणं दिशाभूल करणारं ठरेल. दोन्ही गोळ्या कधी थांबवल्या आणि कधी सुरू केल्या, हे वेगवेगळं लिहायचं.

अशा वेळी प्रामाणिक उत्तर ‘शक्य’ हे येतं. बऱ्याच डॉक्टरांना ते गुळमुळीत वाटतं आणि ते ‘संबंध नाही’कडे झुकतात. पण दुसरं कारण मिळालं म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. नवी गोळी, ग्लिमेपिराइड आणि रिकामं पोट, तिघांनी मिळून साखर 51 वर आणली असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त आहे. फ्रॅक्चरसाठी वेगळा विचार: साखर उतरल्याने तोल गेला असेल, ओल्या फरशीवर पाय घसरला असेल, कुणी पाहिलेलं नाही. तिथेही ‘शक्य’, आणि का ते दोन ओळींत.

भारतात या रकान्याला पैशांचीही बाजू आहे. 2019 च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार गंभीर घटना घडल्यावर संशोधकाने 24 तासांच्या आत केंद्रीय औषध नियामकाला, चाचणीच्या प्रायोजक कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं, उशीर झालाच तर कारणासह. त्यानंतर संशोधक आणि प्रायोजक यांनी 14 दिवसांत सविस्तर विश्लेषण द्यायचं. इजा चाचणीशी संबंधित ठरली तर सहभागीला भरपाई मिळते. उपचार मात्र ते ठरण्याआधीपासून मोफत द्यावे लागतात, संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत.

शिवाय हे नियम ‘औषधामुळे’ एवढंच विचारत नाहीत. चाचणीच्या आराखड्याचं उल्लंघन झाल्यामुळे किंवा चाचणीतल्या एखाद्या प्रक्रियेमुळे झालेली इजाही चाचणीशी संबंधित धरली जाते. समजा, या बाई एकादशीमुळे नव्हे, तर चाचणीची रक्ततपासणी उपाशीपोटी द्यायची म्हणून उपाशी राहिल्या असत्या आणि ग्लिमेपिराइड घ्यायची की नाही हे त्यांना कुणी सांगितलं नसतं. मग बाटलीत प्लासिबो असता तरी इजा चाचणीमुळे झाली, असं म्हणता आलं असतं. ‘औषधाशी संबंध नाही’ या तीन शब्दांनी तो प्रश्नच नजरेआड केला असता. उपाशी का होत्या, कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहिलेलं असेल तरच एथिक्स कमिटी तो विचारू शकते.

24 तासांत सगळी माहिती हाती येत नाही, यायची अपेक्षाही नसते. पहिला अहवाल तुटपुंजा असला तरी चालतो. नंतर कळलेलं पुढच्या अहवालात तारीख घालून जोडायचं. जुनं खोडून नवं लिहायचं नाही. कागदावर चूक दुरुस्त करायची तर एक आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख, मूळ शब्द वाचता येईल असा.

आपल्या प्रसंगात पाचव्या दिवशी बाई तपासणीला आल्या तेव्हा कोऑर्डिनेटरने विचारलं, ‘काकू, आधीच्या एकादशीला काही झालं होतं का?’ ती एकादशी चाचणीच्या 8व्या दिवशी पडली होती. ‘तेव्हाही दहाच्या सुमाराला हातपाय थरथरले होते गं,’ त्या म्हणाल्या. ‘राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, बरं वाटलं. एवढ्याशासाठी तुम्हाला काय फोन करायचा!’ त्याआधीच्या वर्षांत, याच ग्लिमेपिराइडवर, उपवासाला असं कधी झालं नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं.

हे पुरवणी अहवालात गेलं: ‘8व्या दिवशी, उपवास असताना, सुमारे 10 वाजता थरथर, राजगिऱ्याचा लाडू खाल्ल्यावर थांबली, साखर मोजलेली नाही, चाचणीपूर्वी उपवासाच्या दिवशी असा त्रास झाल्याचं आठवत नाही (सर्व सहभागीने सांगितल्यानुसार).’ साखर कमी होण्याबद्दलचं संशोधक डॉक्टरांचं मत ‘शक्य’वरून ‘बहुधा’वर गेलं, उपवास आणि ग्लिमेपिराइड पूर्वीही होतेच, बदलली ती फक्त नवी गोळी, हे कारण त्यांनी खाली लिहिलं. प्रायोजक कंपनीच्या डॉक्टरांनी ‘शक्य’च ठेवलं, कारण 8व्या दिवशी साखर मोजलेली नव्हती आणि ग्लिमेपिराइड हे कारण अजून बाद झालेलं नव्हतं. दोन्ही मतं फाइलमध्ये आपापल्या सहीखाली राहिली. कंपनीला संशोधकाचं मत खाली आणता येत नाही. फ्रॅक्चरबद्दलचं ‘शक्य’ दोघांनीही बदललं नाही, कारण 10.50 ला देवघरासमोर काय झालं याबद्दल नवीन काहीच कळलेलं नव्हतं.